पुढच्या स्प्रिंटला किती पॉइंट कमिट करायचे?

प्रश्न: आमच्या सहा जणांच्या टीमने मागच्या सहा स्प्रिंटमध्ये ३१, ३४, १८, ३६, २९ आणि ३८ पॉइंट पूर्ण केले. सरासरी ३१ येते. पुढच्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये दिवाळी आहे. मॅनेजर म्हणतात, ३८ एकदा जमले आहेत तर या वेळी ४० घ्या. मी नक्की किती कमिट करू?

उत्तर:

३१ही नको आणि ४० तर नकोच. तुमच्या आकड्यांत एक रकाना कमी आहे: त्या त्या स्प्रिंटमध्ये टीम मिळून किती दिवस कामावर होती. तो रकाना भरला की उत्तर बरेचसे आपोआप निघते. तुमच्या रजांचा हिशोब माझ्याकडे नाही, म्हणून मी ज्या टीमसोबत काम केले तिचा हिशोब मांडतो. पाच डेव्हलपर, एक टेस्टर, दोन आठवड्यांचा स्प्रिंट आणि समोर दिवाळी, म्हणजे परिस्थिती तुमच्यासारखीच होती.

सहा माणसे गुणिले दहा दिवस म्हणजे पूर्ण हजेरीचे ६० मॅन-डेज. त्यातून ऑफिसच्या सुट्ट्या आणि प्रत्येकाच्या रजा वजा केल्यावर दिवाळीआधीचे सहा स्प्रिंट असे दिसत होते:

पहिला: ३० पॉइंट, ५५ दिवस
दुसरा: ३२ पॉइंट, ५७ दिवस
तिसरा: १६ पॉइंट, ३८ दिवस
चौथा: ३८ पॉइंट, ५६ दिवस
पाचवा: २७ पॉइंट, ५० दिवस
सहावा: ३३ पॉइंट, ५८ दिवस

एकूण १७६ पॉइंट आणि ३१४ दिवस. नुसत्या पॉइंटची सरासरी काढली तर साधारण २९ येते. पण दिवाळीच्या स्प्रिंटमध्ये ऑफिसला दोन दिवस सुट्टी होती, म्हणजे ४८ दिवस उरले. त्यातून सगळ्यांच्या मिळून ११ दिवसांच्या रजा गेल्या आणि हातात ३७ राहिले. ज्या टीमला २९ पॉइंटसाठी सरासरी ५२ दिवस लागतात, तिच्याकडून ३७ दिवसांत तेवढ्याच कामाची अपेक्षा कशी करणार? म्हणून एका दिवसाला किती पॉइंट पडतात ते काढायचे आणि येणाऱ्या दिवसांनी गुणायचे:

```
176 / 314 = 0.56
37 * 0.56 = 20.7
```

म्हणजे २१ पॉइंट. शीटमध्ये पॉइंट `B` रकान्यात आणि दिवस `C` रकान्यात असतील तर `=SUM(B2:B7)/SUM(C2:C7)` एवढे पुरते. प्रत्येक स्प्रिंटचा दर वेगळा काढून त्या दरांची सरासरी घेऊ नका. तसे केले की ३८ दिवसांच्या अर्ध्यामुर्ध्या स्प्रिंटला ५८ दिवसांच्या स्प्रिंटइतकेच वजन मिळते.

इथे पुष्कळ जण एक चूक करतात. दिवस मोजताना स्टँडअप, रिव्ह्यू, प्रॉडक्शनचे फोन, मुलाखती घ्यायला जाणे हे सगळे वजा करतात आणि माणशी सहा तासच धरतात. त्याची गरज नाही. मागच्या स्प्रिंटमध्येही हा वेळ जातच होता आणि तो गेल्यानंतर जे पूर्ण झाले तेच तुमच्या आकड्यात आले आहे. पुन्हा वजा केले तर एकच खर्च दोनदा लागतो. वजा करायचे ते फक्त नेहमीपेक्षा वेगळे असेल तेवढेच, उदाहरणार्थ दोन जण तीन दिवसांच्या ट्रेनिंगला जाणार असतील तर ते सहा दिवस.

आता तिसरा आणि चौथा स्प्रिंट नीट पाहा. तिसऱ्याचा दर ०.४२ आणि चौथ्याचा ०.६८. टीम दोन आठवड्यांत एवढी सुधारली नव्हती. तिसऱ्या स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी ८ पॉइंटची एक स्टोरी टेस्टिंगमध्ये अडकली, स्पिलओव्हर झाली आणि चौथ्यात दोन दिवसांत पूर्ण झाली. पॉइंट चौथ्यात मोजले गेले, मेहनत मात्र बहुतेक तिसऱ्यातली होती. दोन्ही स्प्रिंट एकत्र केले तर ५४ पॉइंट, ९४ दिवस आणि दर ०.५७, म्हणजे इतर स्प्रिंटसारखाच. तुमच्याकडे १८ नंतर लगेच ३६ आले आहेत, तेव्हा तिथेही असेच काही झाले आहे का ते आधी तपासा.

असे झाले की मोह होतो, ‘आठपैकी सहाचे काम झालेच होते, तेवढे तरी धरू या.’ धरू नका. जी स्टोरी तुमच्या डेफिनिशन ऑफ डनमध्ये बसत नाही तिचे शून्य पॉइंट, आणि जेव्हा बसेल तेव्हा पूर्ण आठ. आधी सहा धरले आणि पुढे टूलने पूर्ण आठ मोजले, तर आठाच्या कामाचे चौदा पॉइंट होतात आणि सरासरी फुगते. उलट, उरलेल्या कामाचा नवा अंदाज दोन टाकला तर सहा पॉइंट कुठेच मोजले जात नाहीत. मूळ अंदाज तसाच ठेवला की एका स्प्रिंटला कमी, पुढच्याला जास्त असे होते, पण सहा स्प्रिंटच्या बेरजेत ते मिटते. पुढच्या स्प्रिंटमध्ये ही स्टोरी घेतानाही ती आठाचीच धरा. दोन धरून रिकाम्या जागेत आणखी सहा पॉइंट भरले, तर शेवटी पुन्हा काहीतरी अडकते आणि स्पिलओव्हरची साखळी तुटत नाही.

जिरात आकडे काढत असाल तर व्हेलॉसिटी चार्टवर राखाडी पट्टी कमिटमेंटची आणि हिरवी पट्टी पूर्ण झालेल्याची असते. राखाडी पट्टीत स्प्रिंट सुरू होताना जे होते तेच येते, पण मधेच घुसवलेली स्टोरी पूर्ण झाली तर ती हिरव्यात धरली जाते. त्यामुळे हिरवी पट्टी उंच दिसली म्हणजे ठरवलेले काम पूर्ण झाले असे होत नाही. आणखी एक: जिरा फक्त बोर्डाच्या सर्वांत उजव्या रकान्यातले काम पूर्ण झालेले मानते. तुमच्या बोर्डावर ‘डन’च्या पुढे ‘रिलीज्ड’ असा रकाना असेल, तर झालेले कामही मोजणीतून सुटत असेल.

तिसऱ्या स्प्रिंटकडून आम्हाला आणखी एक गोष्ट कळली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तो गणपतीचा स्प्रिंट होता आणि आमचा एकुलता एक टेस्टर पाच दिवस कोकणात गावी होता. डेव्हलपरनी कोड लिहिला, पण बोर्डावर ‘टेस्टिंग’च्या रकान्यात रांग लागली. मॅन-डेजच्या हिशोबात टेस्टरचा एक दिवस आणि पाचपैकी एका डेव्हलपरचा एक दिवस सारखाच धरला जातो, प्रत्यक्षात तो तसा नसतो. ज्या माणसाशिवाय एकही स्टोरी पूर्ण होऊ शकत नाही, त्याच्या रजा वेगळ्या पाहाव्या लागतात. म्हणून दिवाळीच्या वेळी टेस्टर तीन दिवस रजेवर आहे हे दिसताच आम्ही दोन डेव्हलपरना एकमेकांच्या स्टोरी तपासण्यासाठी आधीच मोकळे ठेवले आणि मोठी स्टोरी पहिल्या दिवशी सुरू केली. तुमच्या टीममध्ये असा माणूस टेस्टर नसेल, डेटाबेसचे बदल मंजूर करणारा असेल. बोर्डावर काम कोणत्या रकान्यात साचते ते पाहिले की तो सापडतो.

तर २१ हा मधला आकडा झाला. पण दर ०.४२ पासून ०.६८ पर्यंत हलला होता, म्हणजे ३७ दिवसांत १६ ते २५ यांतले काहीही होऊ शकत होते. आम्ही काम दोन भागांत घेतले. स्प्रिंट गोल ज्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही अशा तीन स्टोरी, ८, ५ आणि ३ पॉइंटच्या, एकूण १६. त्यांच्याखाली ३ आणि २ पॉइंटच्या दोन सुट्या स्टोरी, म्हणजे एकूण २१. प्रॉडक्ट ओनरला तसेच स्पष्ट सांगितले: वरच्या १६ वर विसंबून पुढे कोणाला शब्द द्या, खालच्या पाचांवर देऊ नका. स्प्रिंट संपला तेव्हा १९ झाले होते, २ ची स्टोरी राहिली आणि कोणालाच धक्का बसला नाही. २९ घेतले असते तर तेच १९ पॉइंट अपयश ठरले असते.

तुमच्या मॅनेजरांच्या ४० बद्दल. ३८ हा तुमचा सर्वांत चांगला स्प्रिंट आहे, आणि त्यातले किती पॉइंट आधीच्या स्प्रिंटमधून आले ते अजून पाहिलेले नाही. त्यांच्याशी पॉइंटवर वाद घालण्यापेक्षा दिवसांचा रकाना समोर ठेवा आणि विचारा की या दिवसांत ४० बसवायचे तर कोणाची रजा रद्द करायची. स्क्रम गाइडचाही आधार घेता येईल: स्प्रिंटमध्ये घेतलेल्या कामासाठीचा ‘कमिट’ हा शब्द २०११ सालीच काढून त्या जागी ‘फोरकास्ट’ आणला गेला, आणि २०२० च्या आवृत्तीत बांधिलकी आहे ती स्प्रिंट गोलशी. त्या आवृत्तीत व्हेलॉसिटी हा शब्द एकदाही येत नाही.

तरी ४० चा आग्रह राहिलाच, तर काय होते तेही सांगतो, कारण मी ते होताना पाहिले आहे. टीम खोटे बोलत नाही, पण अंदाज हळूहळू सरकतात. पूर्वी ३ पॉइंटचा वाटणारा फॉर्म ५ चा वाटू लागतो आणि तीन महिन्यांत चार्ट खरोखरच ४० दाखवतो. हे ओळखायचे असेल तर पॉइंटशेजारी पूर्ण झालेल्या स्टोरींची संख्याही लिहीत जा. पॉइंट ३० वरून ४० वर गेले पण स्टोरी आधीही नऊ आणि आताही नऊच, आणि त्या आकाराने मोठ्या झालेल्या नाहीत, तर काम वाढलेले नाही. अशा वेळी जुने स्प्रिंट आणि नवे स्प्रिंट एका सरासरीत घालता येत नाहीत, कारण पॉइंटचे मापच बदललेले असते. टीममधली दोन-तीन माणसे बदलली किंवा स्प्रिंटची लांबी बदलली तरी जुने आकडे सोडून द्यावे लागतात.

तुमच्यासाठी आता एवढेच करा. सहा स्प्रिंटच्या रजा एचआरच्या पोर्टलवरून काढा, १८ आणि ३६ मधली स्पिलओव्हर शोधा, दिवाळीत कोण कधी रजेवर आहे ते टीमला विचारून आजच लिहून घ्या. हे आकडे इथे कमेंटमध्ये टाकलेत तर मी हिशोब तपासून देईन.