सपोर्ट पोर्टलवर गिऱ्हाइकं कशी न्यावीत?

प्रश्न: देवगड-मालवण पट्ट्यात आमची बिलिंग सॉफ्टवेअर आणि प्रिंटरची सर्व्हिस आहे, साधारण ८० गिऱ्हाइकं. सगळ्या तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात. आता पोर्टल घेतलंय. लोकांना कसं कळवू, लॉगिनचं काय आणि तारीख कुठली धरू?

उत्तर: तारीख आधी ठरवा. एप्रिल-मे नको, आंब्यावाले पेट्यांत आणि होमस्टेवाले पर्यटकांत बुडालेले असतात. गणपतीच्या आसपास तर नकोच. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे बर्फवाले आणि मासळीचे व्यापारी मोकळे असतात. जुलैतला एखादा बुधवार धरा. सोमवारी सुट्टीच्या तक्रारी साचलेल्या असतात, आणि शुक्रवारी काही अडलं तर निस्तरायला माणूस नसतो.

आमंत्रण ८० जणांना एकदम पाठवू नका. आधी पाच जण, मग रोज पंधरा-वीस. पासवर्ड ठेवण्याची लिंक बहुधा एकदाच चालते आणि ठरावीक वेळाने मरते. मालक ती उघडून बघतो, 'भाचा करेल' म्हणून मुंबईला फॉरवर्ड करतो, आणि तिथे ती चालत नाही. म्हणून लिंक धाडायच्या आधी फोन करून विचारा: "पोर्टल कोण वापरणार?" लिंक थेट त्याच्याच नंबरवर किंवा ईमेलवर जाऊ दे.

मजकूर एवढाच पुरे:

"बुधवार, ८ जुलैपासून तक्रार पोर्टलवर नोंदवा. १) लिंक उघडून पासवर्ड ठेवा. २) 'नवीन तक्रार' दाबा. ३) स्क्रीनचा फोटो जोडा. ४) तक्रार क्रमांक जपून ठेवा. लॉगिन अडल्यास दुकानाच्या नंबरवर फोन करा."

'ओटीपी चुकीचा' अशी तक्रार आली तर आधी कीबोर्ड विचारा. मराठी कीबोर्डवर ४७१२ टाइप होतं, पोर्टलला 4712 हवं असतं. दिसायला दोन्ही बरोबर, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तेच टाकतो आणि खातं लॉक होतं. कीबोर्ड इंग्रजी केला की काम होतं. ओटीपी कुणालाच येत नसेल तर दोष तुमच्या बाजूला आहे: डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस आधी नोंदवायच्या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर, मंजूर झालेल्या टेम्प्लेटपेक्षा एसएमएसचा मजकूर वेगळा असेल तर मोबाइल कंपनी तो अडवते. एसएमएसमधून लिंक पाठवणार असाल तर तीही तिथे आधी नोंदवावी लागते.

८ तारखेनंतर दोन आठवडे व्हॉट्सॲप बंद करू नका, पण तिथे तक्रार सोडवूही नका. आलेला मेसेज तुमच्या माणसाने त्या गिऱ्हाइकाच्या नावाने पोर्टलवर चढवायचा आणि उत्तरात फक्त क्रमांक द्यायचा. "तक्रार २३ नोंदवली, पुढचं पोर्टलवर दिसेल." असे दोन-तीन क्रमांक मिळाले की बरेच जण आपणहून तिकडे वळतात. बिल निघणंच थांबलं असेल तर मात्र फोन चालू द्या. काउंटरवर गिऱ्हाइक उभं असताना फॉर्म कोण भरणार?

खरी गळती तुमच्या सर्व्हिसवाल्या पोरांकडून होते. लोक थेट त्यांच्या नंबरवर फोन करतात आणि ते भिडेपोटी जातात. क्रमांकाशिवाय व्हिजिट धरायची नाही, हे ८ तारखेच्या आधी त्यांच्याशी पक्कं करा.