स्कॅनरचे आकडे गळतात तेव्हा

बिल करताना बारकोड स्कॅनरचे आकडे गळत असतील, तर स्कॅनर बदलण्याआधी नोटपॅड उघडा आणि तोच बारकोड वीसेक वेळा स्कॅन करा. संगणकाच्या दृष्टीने बहुतेक यूएसबी स्कॅनर म्हणजे कीबोर्डच: तो आकडे भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. नोटपॅडमध्ये प्रत्येक ओळ पूर्ण आली, तर दोष बिलिंगच्या स्क्रीनमध्ये शोधा.

आता कुठले आकडे गळतात ते पाहा. 5901234123457 ऐवजी 234123457 आले, म्हणजे सुरुवात हरवली. आधीच्या स्कॅनच्या एंटरने वस्तूचा शोध सुरू झाला, तेवढ्यात पुढचा स्कॅन आला आणि पहिले आकडे भलत्याच ठिकाणी गेले. बरेचदा ते ‘नग’च्या रकान्यात सापडतात, आणि ही चूक बिलात सहज लपते. मधलेच आकडे गळत असतील, तर स्कॅनरच्या सेटिंगमध्ये दोन अक्षरांमधला विलंब थोडा वाढवून पाहा.

सुरुवात हरवण्यावर मात्र विलंब हा उपाय नाही. स्कॅनरला प्रत्येक कोडआधी एक ठरावीक चिन्ह पाठवायला लावा. ते दिसताच एंटरपर्यंतचं सगळं प्रोग्रामने स्वतंत्र जागी साठवावं, कर्सर कुठेही असो. शिवाय बाकीच्या आकड्यांवरून काढलेला शेवटचा तपासणी अंक जुळला नाही, तर कोड नाकारा.