सहा मोटारी, पाचच सांधे: ट्रेमधली कांडी सरळ वरून उचलताना

प्रश्न: मी सोलापूरचा. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी सहा सर्व्होंचा स्वस्तातला ॲल्युमिनियमचा आर्म घेतला. मामांच्या यंत्रमाग कारखान्यातल्या सुताच्या रिकाम्या कांड्या ट्रेमधून उचलून डब्यात टाकायच्या आहेत. पायथनच्या `ikpy` लायब्ररीला x, y, z दिले की सांध्यांचे कोन मिळतात, पण ग्रिपर दरवेळी वेगळ्याच तिरक्या अवस्थेत येतो आणि कांडी घरंगळते. ट्रेचा मध्य आर्मपासून साधारण १६ सेंमी. काय चुकतंय?

उत्तर:

सहा सर्व्हो असले तरी तुमच्या आर्मला सांधे पाचच आहेत. सहावी मोटार फक्त ग्रिपर उघडते-मिटते. `ikpy` ला नुसते x, y, z दिले की ते टोक तिथे पोचवतं, ग्रिपर कुठल्या बाजूने आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शिवाय ते सुरुवातीच्या कोनांपासून सुधारत सुधारत उत्तर शोधतं, म्हणून सुरुवात बदलली की उत्तरही बदलू शकतं. आणि बिंदू पोहोचेबाहेर असेल तर तक्रार न करता त्यातल्या त्यात जवळचे कोन देऊन मोकळं होतं. बघणाऱ्याला वाटतं गणित सुटलं.

सॉल्व्हर बाजूला ठेवा. ट्रेमधून उचलायचं तर ग्रिपर सरळ खाली बघणार, एवढं एकदा ठरवलं की हे दहावीच्या त्रिकोणमितीवर येतं. टोकापासून बरोबर वर मनगटाचा सांधा. खांदा, कोपर आणि मनगट मिळून एक त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजू माहीत. माझ्याकडच्या आर्मची मापं घेतो: खांद्याचा अक्ष टेबलापासून ९५ मिमी, दंड १०५, पुढचा हात १००, मनगटापासून ग्रिपरच्या टोकापर्यंत १६०. तुमची मापं पट्टीने स्वतः घ्या, स्क्रूच्या मध्यापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत.

```python
from math import atan2, acos, hypot, sin, degrees as deg

def ik(x, y, z, H=95, A=105, B=100, T=160):
    r, h = hypot(x, y), z + T - H
    c = (r*r + h*h - A*A - B*B) / (2*A*B)
    if abs(c) > 1: return None
    e = acos(c)
    s = atan2(h, r) + atan2(B*sin(e), A + B*c)
    return deg(atan2(y, x)), deg(s), -deg(e), -90 - deg(s - e)
```

यात कोपर कायम वरच्या बाजूलाच राहतं. दुसरं उत्तर कोपर खाली घेणारं असतं, ते ट्रेच्या कडेला धडकतं.

आता एक कांडी घेऊ. x=150, y=60, आणि टोक टेबलापासून २० मिमी उंचीवर हवं. आडवं अंतर १६१.५ मिमी, बेसचा कोन २१.८ अंश. मनगट खांद्यापेक्षा ८५ मिमी वर येतं. खांदा ५४.१, कोपर −५४.१, म्हणजे पुढचा हात बरोबर आडवा, आणि मनगट −९०. उत्तर आलं, पण मनगटाचा सर्व्हो मधोमध बसवला असेल तर −९० ही त्याची शेवटची हद्द. कांडी १८० मिमीवर असेल तर मनगट −१०१ मागतं. हात तिथवर पोचतो, मनगट वळत नाही. सर्व्हो गुरगुरतो, गरम होतो आणि ग्रिपर तिरकाच राहतो.

याहून फसवी गोष्ट वेगळीच. कांडी उचलायला आधी तिच्या वर थांबून मग खाली यावं लागतं. मी सुरुवातीला ६० मिमी वरचा थांबा ठेवला होता आणि प्रोग्राम तिथेच अडकायचा, कारण `c`, म्हणजे कोपराच्या कोनाचा कोसाइन, १ च्या पुढे जाऊच शकत नाही आणि इथे १.२४ येत होता. कांडी आवाक्यात होती, पण तिच्या डोक्यावरची हवा नव्हती! या अंतरावर टोक फार तर ४१ मिमी वर उचलता येतं, त्यापुढे दंड आणि पुढचा हात मिळून २०५ मिमी संपतात. दोन संध्याकाळी मी कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.

उपाय सुताराकडचा निघाला. आर्मच्या बेसखाली ५० मिमी जाडीचा फळीचा ठोकळा घातला. `H` १४५ झाला. त्याच कांडीला आता खांदा ४७.५, कोपर −७२.५ आणि मनगट फक्त −६५. ४० मिमी वरच्या थांब्याला मनगट −८४, म्हणजे हद्दीच्या आत. १८० मिमीवरची कांडीही −७४ मध्ये मिळते. तिच्या वरच्या थांब्याला मात्र मनगट पुन्हा नव्वदीपलीकडे जातं. त्यासाठी मनगटाचा हॉर्न काढून दोन दाते सरकवून बसवा. एमजी-९९६ सर्व्होच्या शाफ्टला २५ दाते असतात, एक दाता म्हणजे १४.४ अंश. दोन दात्यांनी हद्द −११९ पर्यंत जाते आणि वरच्या बाजूला ६१ उरते. वर बघायचं आपल्याला कामच नाही. तेवढा २८.८ अंशांचा फरक कोडमध्ये त्या सांध्याच्या शून्यात टाका, नाहीतर पहिल्याच हालचालीत ग्रिपर टेबलावर आपटेल.

कांडी आडवी पडलेली असते, त्यामुळे पाचवा सांधा तिच्या दिशेसाठी. बेस फिरला की ग्रिपरही सोबत फिरतो, म्हणून त्याचा कोन म्हणजे कांडीचा कोन वजा बेसचा कोन. कांडी ८० अंशांत पडली असेल तर ८० − २१.८ = ५८.२. नव्वदीपुढे गेला तर १८० वजा करा, पकडायला कांडीची दोन्ही टोकं सारखीच. सर्व्हो उलटा बसवलेला असेल तर चिन्ह बदलेल.

एवढं करूनही टोक चुकलं तर गणितावर शंका घेऊ नका, सर्व्होवर घ्या. १८० अंशांना सर्व्होचा पल्स २००० मायक्रोसेकंदांनी बदलतो, म्हणजे अंशाला ११.१, असं सगळीकडे धरलेलं असतं. माझा खांद्याचा सर्व्हो गुण्या लावून तपासला तेव्हा आडव्याला १४८० आणि उभ्याला २३९० निघाले, म्हणजे अंशाला १०.१. पहिल्या कांडीच्या ५४ अंशांना तेवढ्या फरकाने पाच अंश चूक झाली असती आणि टोक १५ मिमी वर राहिलं असतं. ग्रिपर नुसती हवा पकडून परत आला असता. प्रत्येक सांध्यासाठी असे दोन आकडे घ्या, आर्म जोडलेला असताना, कारण हाताच्या वजनाने येणारा झोल थोडाफार त्यात धरला जातो. आणि मोटारींना वेगळा ५-६ व्होल्टचा दमदार सप्लाय द्या, अर्डुइनोच्या पिनवरून नको.

शेवटची तपासणी मी कडक भाकरीच्या डब्याच्या झाकणात करायचो, तोच माझा ट्रे. आत आलेखाचा कागद, ग्रिपरमध्ये पेन्सिल (`T` मध्ये तिची वाढीव लांबी धरून), आणि नऊ ठिपके. सगळे ठिपके एकाच बाजूला फिरलेले दिसले तर बेसचं शून्य चुकलंय. दूरच्या ठिपक्यांची चूक जवळच्यांपेक्षा बरीच जास्त असेल तर खांदा आणि कोपर पुन्हा गुण्याने मोजा. सर्व्होंना पल्स देणाऱ्या पीसीए-९६८५ बोर्डाची एक पायरी म्हणजे जवळपास ५ मायक्रोसेकंद, खांद्याला अर्धा अंश, टोकाला दीड मिमी. त्यामुळे दोन-तीन मिमीत ठिपके आले की थांबा, ग्रिपरची फट तेवढं सांभाळून घेते. ठिपके जमले नाहीत तर कागदाचा फोटो आणि तुमच्या आर्मची चार मापं इथेच टाका, बघतो.