हवं ते नाव गेलंय? डॅश आणि अंडरस्कोअर लावण्याआधी

प्रश्न: नागपूरच्या प्रतापनगरात घरगुती नाश्त्याचं काम सुरू करतेय, नाव ठरलं ‘वाफाळ’. vafal.com आणि vafal.in दोन्ही गेलेत. इन्स्टावर vafal कोणीतरी घेऊन ठेवलंय, एकही पोस्ट नाही. va-fal.in आणि vafal_ घेऊन टाकू का?

उत्तर: ताई, कृपा करून घेऊ नका. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

महालात आमचं फराळाचं काम आहे. आमच्या नावाचा वेबसाइटचा पत्ताही आधीच गेलेला होता. म्हणून मधे डॅश टाकून तोच घेतला आणि ऑर्डरचा ईमेलही त्याच पत्त्यावर सुरू केला. कागदावर छान दिसायचं. पण गिऱ्हाईक पत्ता बघून कमी आणि ऐकून जास्त टाइप करतं, आणि फोनवर डॅश कोणी ऐकत नाही. एका ऑफिसची दिवाळीची 120 डब्यांची ऑर्डर होती. त्यांनी ती 200 केली, तारीख दोन दिवस अलीकडे आणली आणि तसा ईमेल डॅशशिवायच्या पत्त्यावर पाठवला. तो परतच आला नाही, म्हणून त्यांना वाटलं पोचला. त्या पत्त्याच्या मालकाने कुठल्याही नावाने आलेला ईमेल एकाच पेटीत पडेल अशी सोय करून ठेवली होती. आमचे 120 डबे तयार, त्यांना 200 हवे होते, तेही दोन दिवस आधीच. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून दुसऱ्याच्या पत्त्याला चिकटून पत्ता घेण्याआधी एक करा. आपल्या ईमेलवरून त्याच्या पत्त्यावर काहीतरी बनावट नाव टाकून पाठवा, समजा pohepohe123@vafal.in. ‘पोचला नाही’ असा निरोप आला तर ठीक. काहीच परत आलं नाही, तर तुमचे चुकलेले ईमेलही तिकडे गुपचूप जमा होऊ शकतात. निरोप आला तरी निर्धास्त राहू नका, मालक ती सोय उद्याही चालू करू शकतो.

दुसरी अडचण मराठी नावाची. ‘वाफाळ’ मी vafal लिहीन, माझी वहिनी wafal, कोणी vaphal, कोणी vaafal. नाव पक्कं करण्याआधी दहा जणांना फोनवर नुसतं नाव सांगा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला लावा. सात-आठ जण जे लिहितील तेच स्पेलिंग धरा, तुम्हाला आवडो न आवडो. दुसऱ्या क्रमांकाचं स्पेलिंग मोकळं असेल तर तो पत्ताही घेऊन पहिल्याकडे वळवा.

मग मागे एक साधा शब्द जोडा आणि तोच सगळीकडे ठेवा. एक्सवर 15 अक्षरांची मर्यादा आहे आणि टिंब चालत नाही. वेबसाइटच्या पत्त्यात अंडरस्कोअर चालत नाही. म्हणजे सगळीकडे जसंच्या तसं बसायला हवं असेल तर फक्त अक्षरं, तीही पंधराच्या आत. vafalnagpur अकरा अक्षरांचं आहे, vafalnashta ही अकराचंच. मला नागपूर बरं वाटतं, कारण ते सांगताना स्पेलिंग समजवावं लागत नाही. पुढे पुण्यात शाखा काढायचा विचार असेल तर मात्र nashta घ्या. एकाच बैठकीत सगळीकडे तपासा आणि तेव्हाच सगळीकडे खाती काढा. तोवर पाऊच छापायला टाकू नका.

इन्स्टावरच्या रिकाम्या खात्यामागे वेळ घालवू नका. आम्ही अशाच एका खात्यासाठी एका अ‍ॅपच्या मदत विभागाला तीन महिने लिहीत होतो, दर वेळी तेच छापील उत्तर. खातं वापरात नाही एवढ्या कारणावर नाव सहसा मिळत नाही, नोंदलेला ट्रेडमार्क असेल तर तक्रारीला आधार असतो. कोणी पैसे घेऊन खातं देतो म्हणाला तरी नको. विक्री नियमाबाहेरची आहे, पैसेही जातात आणि खातंही.

मी वकील नाही, पण एवढं नक्की बघा: vafal.in वाला कोण आहे? तोही खाण्याचंच काम करत असेल तर मागे नागपूर लावून सुटका होत नाही, नावच बदला. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं. फराळ, मसाल्यांसाठी वर्ग 30 आणि खानावळ, केटरिंगसाठी 43 बघा, आणि वेगवेगळ्या स्पेलिंगने बघा.

एक राहिलंच. वेबसाइट करून देणाऱ्याला ‘पत्ताही तूच घे’ म्हणू नका. नोंदणी तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलने, तुमच्या मोबाइलवर. आणि तो ईमेल त्याच पत्त्यावरचा नको, साधा जीमेल ठेवा. पत्त्याची मुदत संपली की त्यावरचा ईमेल बंद पडतो, आणि नूतनीकरणाची आठवण नेमकी तिथेच येत असते.

दहा जणांनी काय लिहिलं ते इथे टाका, मी बघते.