नावाखाली कुठली संस्था लिहू?

"खाडीतल्या तिसऱ्यांवरचं काम रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात केलं. आता सावंतवाडीत शिकवते. पेपर तयार आहे, पण लेखक-टिपेत कोणतं कॉलेज लिहू? सरांना राग येईल, नाहीतर प्राचार्यांना. आणि ईमेल कुठला देऊ?"

काम जिथे झालं, ती संस्था. भाट्याच्या खाडीतले नमुने, प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक सगळं शिरगावचं, म्हणून नावाखाली तोच पत्ता जातो: विभाग, महाविद्यालय, विद्यापीठ, गाव, देश. सावंतवाडी 'सध्याचा पत्ता' म्हणून तळटिपेत. विश्लेषण किंवा लेखनाला आताच्या कॉलेजने खरोखर वेळ वा साधनं दिली असतील, तरच दोन्ही संस्था वर.

हे ऐकूनही प्रश्न विचारणाऱ्या बाई गप्पच होत्या. "मग प्राचार्यांना काय सांगू?"

मी विचारलं, "नमुने धुताना नळ कुणाचा होता?"

त्या हसल्या. "शिरगावचा."

तिथे गाठ सुटली. असा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण मनातून निष्ठेचा हिशेब मांडत असतात, आणि टीप फक्त काम कुठे झालं ते विचारते. माणसाला उपदेशापेक्षा त्याच्याच कामातली एखादी वस्तू लवकर मोकळं करते, असं माझं जुनं मत आहे. त्या दिवशी ते पुन्हा खरं ठरलं, याचं थोडं समाधानही आहे.

टिपेतल्या 'भूमिके'चं पुढच्या भेटीत ठरलं. त्यांनी 'सहायक प्राध्यापक' लिहिलं होतं. ते पद झालं, आणि अनेक नियतकालिकं नावाजवळ पद-पदवी घेतच नाहीत. भूमिका म्हणजे या लेखात कुणी काय केलं. त्यासाठी 14 भूमिकांची 'क्रेडिट' नावाची प्रमाण यादी आहे. मी म्हटलं, "सरांना 'मार्गदर्शन' द्या. विश्लेषण तुम्ही केलंत ना? मग ते तुमच्या नावापुढे." अर्धं पान संकोचात गेलं होतं, ते दोन ओळींत आलं: "पहिली लेखिका: संकल्पना, नमुने गोळा करणे, विश्लेषण, पहिला मसुदा. दुसरे लेखक: मार्गदर्शन, मसुद्याची तपासणी."

संपर्काच्या ओळीत त्यांनी शिरगावचा विद्यार्थी-ईमेल दिला होता. शिक्षण संपलं की तो बहुतेकदा बंद होतो. मग वाचकाचा प्रश्न परत फिरतो आणि लेखिकेला पत्ताही लागत नाही. टिकणारा ईमेल द्यावा आणि शेजारी ऑर्किड आयडी हा संशोधकाचा ओळख-क्रमांक, https://orcid.org/ ने सुरू होणाऱ्या पूर्ण दुव्यासह. तो मोफत मिळतो, 16 अंकी असतो (शेवटी कधी X येतो) आणि नोकरी बदलली तरी तोच राहतो. संपर्क-लेखक एकच ठरवून नावावर तारांकन करावं. फोन नंबर सहसा लागत नाही.

लेखकाची ओळख लपवून परीक्षण होत असेल, तर ही सगळी टीप वेगळ्या शीर्षकपानावर जाते. मूळ लेखाच्या फाइलमध्ये राहिली की लेख परत येतो. बाईंच्या फाइलमध्ये गावाचं नाव मात्र आभारात उरलं होतं: "माझ्या शिरगावच्या मित्रमंडळींना". तेही काढलं.