दोन रंगांत तिसरा रंग कसा मिळवायचा

प्रश्न: पुण्यातून छोटं मासिक काढतो. चार रंग परवडत नाहीत. दोन रंगांत अंक भकास दिसू नये म्हणून काय करू?

काळा आणि मॅजेंटा घ्या. खास शाई मिसळून घेण्यापेक्षा प्रेसमध्ये तयार असलेली शाई स्वस्त पडते, आणि प्रत्येक फॉर्मला चारऐवजी दोनच प्लेट लागतात. मात्र दर दुरंगी मशीनवरचाच मागा. चाररंगी मशीनवर बचत फारशी उरत नाही.

शीर्षकाला पूर्ण मॅजेंटा द्या, चौकटींना 20 टक्के टिंट. मुखपृष्ठाच्या पट्ट्यासाठी पूर्ण मॅजेंटावर 40 टक्के काळा ओव्हरप्रिंट करा, गडद डाळिंबी रंग मिळेल. खाली सपाट रंग असल्याने जाळी उमटण्याची भीतीही नाही.

फसगत इथेच होते. इनडिझाइन आपोआप ओव्हरप्रिंट करतं ते फक्त 100 टक्के काळ्याला. 40 टक्के काळा खालचा मॅजेंटा कापून टाकतो आणि पट्टा राखाडी छापला जातो. म्हणून Attributes पॅनलमध्ये Overprint Fill लावा. मग Separations Preview मध्ये काळी प्लेट बंद करून पाहा: पट्ट्याखाली मॅजेंटा अखंड दिसला पाहिजे. पांढऱ्या अक्षरांना मात्र ओव्हरप्रिंट कधीच लावू नका, ती छपाईत गायब होतात.