बरगडीचा एक्स-रे आणि केव्हीपी

परवा तू बरगडीच्या फ्रॅक्चरसाठी 120 केव्हीपी, म्हणजे ट्यूबला कमाल 120 किलोव्होल्टचा दाब, लावलंस, छातीच्या नेहमीच्या एक्स-रेसारखं. फुप्फुसं छान आली, पण बरगड्या धुरकट. का, ते बघ.

ट्यूबमध्ये तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अॅनोडवर आदळतात. त्यांची जवळजवळ 99 टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तर अॅनोड फिरता ठेवतात. उरलेल्या एखाद्या टक्क्याचे एक्स-रे होतात. 120 केव्हीपी ही किरणांच्या ऊर्जेची फक्त कमाल मर्यादा. बहुतेक किरण त्याहून बरेच कमी ऊर्जेचे असतात.

आता शोषण. कमी ऊर्जेचे किरण अणू पूर्ण गिळतो, आणि हे गिळणं अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढतं. हाडात कॅल्शियम असल्याने त्याचा सरासरी अणुक्रमांक 13 च्या आसपास, मऊ ऊतींचा 7.4. घन करून बघ, पाचपटीहून जास्त फरक! शिवाय हाडाची घनताही जास्त. गंमत म्हणजे हवेचा अणुक्रमांक मऊ ऊतींएवढाच. ती काळी दिसते ती निव्वळ विरळ असल्यामुळे.

केव्हीपी वाढवलं की हे गिळणं झपाट्याने घटतं, विखुरणं उरतं, आणि विखुरण्याला कॅल्शियमचं फारसं कौतुक नसतं. म्हणून हाड फिकं पडतं. डायफ्रामच्या वरच्या बरगड्यांना 70 च्या आसपास ठेव आणि एमएएस, म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ, वाढव. डिजिटलवर ब्राइटनेस आपोआप सुधारतो, त्याला भुलू नकोस. बरगडीची कड आणि आतली जाळी दिसते का, ते बघ.